आबांची नळी : घरच्या नोंदी

९ नोव्हेंबर

आबा आज घरी आले. वय ८१. परवा मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबली होती. दवाखान्यात नळी घातल्याबरोबर सव्वा लिटर लघवी निघाली. प्रोस्टेटची गाठ मोठी आहे. हृदय अशक्त असल्यामुळे भूल देऊन ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नाहीत. गोळ्या चालू राहतील, पण नळी आता बहुधा कायमची.

डिस्चार्ज कार्डावर फक्त 'कॅथेटर केअर' आणि 'एक महिन्याने बदलणे' एवढंच लिहिलंय. केअर म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगितलं नाही. कारखान्यात गळीत हंगाम चालू आहे, माझ्या पाळ्या बदलत्या. मी नसताना आई आणि ही बघणार. म्हणून प्रयोगशाळेत ठेवतो तशी वही घरी सुरू करतोय. जो ड्यूटीवर असेल त्याने लिहायचं.

पहिली नोंद नळीची. फॉली कॅथेटर, १६ नंबर, सिलिकॉनचा थर दिलेली रबरी नळी, घातली ७ नोव्हेंबरला. मूत्राशयात ती एका छोट्या फुग्याच्या आधाराने टिकते आणि त्या फुग्यात १० मिली पाणी आहे. हा आकडा सिस्टरांकडून मुद्दाम विचारून घेतला. नळी काढणाऱ्याला तेवढं पाणी आधी सिरिंजने बाहेर घ्यावं लागतं. फुगा भरलेला असताना नळी ओढली तर आतला मार्ग फाटतो. आबांना ही गोष्ट तीनदा सांगितली. त्यांनी मान हलवली.

१० नोव्हेंबर

सकाळी सगळा वेळ पिशवी टांगण्यात गेला. आबांचा पलंग ठेंगणा आहे. पिशवी दांडीला अडकवली की खाली फरशीला टेकायची. फरशीला टेकलेल्या तोटीतून घाण वर चढते, म्हणून पलंगाच्या चारही पायांखाली विटा दिल्या. आता पिशवी फरशीपासून वीतभर वर आहे आणि आबांच्या ओटीपोटाच्या बरीच खाली.

दुसरी अडचण लांब नळीची. जास्तीची नळी पिशवीच्याही खाली लोंबत होती आणि त्या झोळात लघवी साठून राहिली होती. इथे पंप नाही, नुसत्या उतारावर वाहतं. झोळ पडला की त्यातली लघवी पुढे जात नाही आणि मागच्या लघवीलाही अडवते. जास्तीची नळी गादीवर आडवी सोडली आणि तिथून सरळ खाली पिशवीत नेली.

मांडीवर नळी मायक्रोपोरने चिकटवली, पण ताणून नाही. आबांनी पाय सरळ केला तरी आत ओढ बसणार नाही एवढी ढील ठेवली. चिकटपट्टीची जागा रोज थोडी बदलायची, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलवटते.

१२ नोव्हेंबर

आई पिशवी रिकामी करत होती ती पद्धत आज पाहिली. खाली प्लॅस्टिकची बादली, तोटी बादलीत बुडालेली, आणि त्याच बादलीने मोरी धुवायची. आईची चूक नाही. तिला कुणी दाखवलंच नव्हतं. दुपारी दोघींना बसवून करून दाखवलं. ठरवलेली रीत अशी:

हात साबणाने धुवायचे, मग हातमोजे. एक मापाचा मग फक्त याच कामाला. तो मग तोटीखाली धरायचा, पण तोटीचं टोक मगाला कुठेही लागू द्यायचं नाही. पिशवी पूर्ण रिकामी झाली की तोटी बंद, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, तोटी तिच्या खोबणीत परत अडकवायची. नंतर लघवी किती, रंग कसा ते बघून लिहायचं. तो मग धुवून उन्हात पालथा घालायचा. हातमोजे काढल्यावर पुन्हा हात धुवायचे. पिशवी आणि नळी यांचा जोड कधीही उघडायचा नाही. एकदा जोड उघडला की आतापर्यंत बंद असलेली वाट बाहेरच्या जंतूंना मोकळी होते.

पिशवी दोन लिटरची आहे, पण अर्ध्यापेक्षा थोडी जास्त भरली की रिकामी करायची. दोन किलोचं ओझं नळीला लटकलं की आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडावर ओढला जातो. वेळा ठरवल्या: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १०. पिशवी भरलेली नसली तरी त्या वेळेला मोजायचंच.

पिशवीवरच्या खुणांवर मी विसंबत नाही. पिशवी फुगते, सुरकुतते, आकडा १०० मिलीने सहज चुकतो. मगावर ५० मिलीच्या अंतराने लाल ऑइलपेंटच्या रेघा ओढल्या. आईला आकडे वाचायला त्रास होतो. ती रेघा मोजते आणि वहीत तेवढ्या उभ्या काड्या काढते. मला वाचायला तेवढं पुरतं.

१५ नोव्हेंबर

स्वच्छतेची नोंद. हे काम मी माझ्याकडे घेतलं, सकाळी आंघोळीच्या वेळी आणि रात्री झोपताना. पहिल्या दिवशी आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हणाले, "तुझ्याकडून हे करून घ्यायची वेळ यावी!" मी म्हणालो, "आबा, तुम्ही मला धुतलंत तेव्हा मी काही बोललो होतो का?" त्यावर थोडं हसले. दार लावून घेतो, वर धोतर पांघरतो, जेवढं उघडं लागतं तेवढंच.

कोमट पाणी, साधा अंगाचा साबण, स्वच्छ मऊ फडकं. डावा हात नळीला लघवीच्या जागेजवळ धरतो म्हणजे पुसताना आत ओढ बसत नाही. पुढची कातडी हलकेच मागे घेतो, टोक धुतो, मग नळी तोंडापासून बाहेरच्या दिशेने बोटभर-दोन बोटं पुसतो. उलट दिशेने कधीच नाही, नाहीतर नळीवरची घाण आपणच आत ढकलतो. चिकटलेली पिवळट पापडी नखाने काढायची नाही. ओलं फडकं मिनिटभर ठेवलं की सुटते. मग कोरडं करून कातडी पुन्हा पुढे आणायची.

हे शेवटचं वाक्य आज मोठ्या अक्षरात लिहितोय, कारण काल सकाळी मी तेच विसरलो. पाळीवर जायची घाई होती. संध्याकाळी आबा "आग होतेय" म्हणाले. पाहिलं तर मागे राहिलेली कातडी टोकामागे घट्ट कड्यासारखी आवळली होती आणि पुढचा भाग सुजला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सुजलेला भाग मुठीत धरून पाच मिनिटं सावकाश, सारखा दाब द्या, सूज उतरली की कातडी पुढे येते का बघा, आली नाही तर लगेच निघा. सात-आठ मिनिटांनी आली. आली नसती तर रक्तपुरवठा अडला असता. आता वहीत स्वच्छतेच्या रकान्यापुढे वेगळा रकाना आहे: 'कातडी पुढे: होय'. तो भरल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही.

डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर, मलम यातलं काही लावायचं नाही. शेजारच्या काकूंनी डेटॉलचं पाणी सुचवलं होतं. त्याने त्या नाजूक जागेची आग होते आणि जंतू काही थांबत नाहीत. साबण-पाणी पुरे.

१७ नोव्हेंबर

नवीन पिशवी परवाच्या १४ तारखेला बसवली, ती नोंद राहिली होती. दर सात दिवसांनी पिशवी बदलायची, जोड उघडायचा तो फक्त तेव्हा. नळी दोन बोटांनी चिमटून धरायची, जोड स्पिरिटने पुसायचा, नव्या पिशवीचं टोपण काढल्यावर टोकाला हात न लावता लगेच बसवायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

२१ नोव्हेंबर

भावकीतले एकजण भेटायला आले. पिशवी बघून म्हणाले, लघवी गढूळ दिसते, इन्फेक्शन आहे, कल्चर करा. आईने घाबरून लॅबला नमुना पाठवला. रिपोर्टात जंतू आले. मेडिकलवाला अँटिबायोटिक द्यायला तयारच होता.

डॉक्टरांनी थांबवलं. नळी काही आठवडे आत राहिली की जंतू तिच्यावर घर करतातच, जवळजवळ प्रत्येकाच्या. त्यामुळे रिपोर्टात जंतू सापडणं आणि माणूस आजारी असणं या वेगळ्या गोष्टी. ताप नाही, थंडी वाजत नाही, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखत नाही, आबा नेहमीसारखे बोलताहेत, तर गोळी नाही. उगाच गोळ्या दिल्या तर त्यांना दाद न देणारे जंतू मागे राहतात आणि खऱ्या तापाच्या वेळी औषध चालत नाही. याउलट हुडहुडी भरून ताप आला, किंवा आबा एकदम भ्रमल्यासारखे बोलायला लागले, तर सकाळची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसात कधी कधी ताप कमी आणि भ्रमच जास्त दिसतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

२४ नोव्हेंबर (नळीचा १७वा दिवस)

सकाळी धोतर ओलं. नळीच्या बाजूने लघवी गळली होती. ही म्हणाली, नळी तुंबली. वही काढली: रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४८० मिली, म्हणजे नेहमीएवढीच. पिशवी भरतेय आणि बाजूनेही गळतंय, याचा अर्थ वाट उघडी आहे पण मूत्राशय मधूनच आवळतंय आणि आवळताना थोडी लघवी बाजूने उडते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "शौचाला कधी झाली?" तीन दिवस झाली नव्हती. साठलेला मळ मागून मूत्राशयावर आणि नळीवर दाबतो. त्यांनी सांगितलेलं जुलाबाचं औषध दिलं, संध्याकाळी पोट साफ झालं, रात्री धोतर कोरडं.

वहीत शौचाचा रकाना वाढवला. आणि फरक लिहून ठेवला: ओलं धोतर, पिशवी भरतेय = थांबून कारण शोधा. ओलं धोतर, पिशवी भरत नाही = तुंबली समजा.

२६ नोव्हेंबर

नळीच्या पारदर्शक भागात पांढरट कण दिसले, बारीक रव्यासारखे. पिशवी उघडताना नेहमीपेक्षा उग्र, अमोनियासारखा वास. लिहून ठेवलं, पुढे काही केलं नाही.

२८ नोव्हेंबर (२१वा दिवस)

पहाटे दवाखान्यात. घरी येऊन सगळं क्रमाने लिहितोय, कारण बहुतेक गोष्टी वहीत आधीच होत्या.

काल संध्याकाळी ६ ते रात्री १० मध्ये आईने अडीच काड्या काढल्यात. म्हणजे १२५ मिली. आधीच्या आठ-दहा दिवसांत त्या चार तासांत कधी २३० च्या खाली गेलं नव्हतं, आणि काल आबांनी पाणी, चहा, ताक नेहमीएवढंच घेतलं होतं. खरी खूण ही होती. मी रात्रपाळीला होतो. आईला वाटलं, पाणी कमी पडलं असेल. तिने झोपताना दोन भांडी पाणी जास्त पाजलं.

दोन वाजता हिने बघितलं तर पिशवीत जेमतेम ४० मिली. आबा कुशी बदलत होते. चार वाजताही तेवढंच. आबांना घाम, "लघवीला जायचंय" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि हात नळीकडे जात होता. धोतर थोडं ओलं. हिने मला फोन केला. मी फोनवरून एकेक बघायला लावलं: नळीला कुठे पीळ आहे का, मांडीखाली दबलीय का, झोळ पडलाय का, पिशवी खाली आहे का, काठोकाठ भरली तर नाही ना. सगळं ठीक. आबांना कुशीवर वळवलं, दहा मिनिटं बसवलं. कधी कधी आतलं टोक मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि जागा बदलल्यावर सुटतं. काही आलं नाही. मग तिला बेंबीखाली हात ठेवायला सांगितलं. म्हणाली, "नारळासारखं टणक लागतंय, हात लावला की ओरडतात."

तिथे शोध संपला. आणखी पाणी नाही, नळीला हात नाही, गाडी बोलवायची. पाच वाजता पोहोचले, मी कारखान्यातून सरळ तिथेच गेलो.

सिस्टरांनी मोठ्या सिरिंजने सलाईन आत सोडून पाहिलं. थेंबभरही गेलं नाही. त्यांनी जोर लावला नाही. डॉक्टरांनी फुग्यातलं पाणी काढलं, नळी बाहेर घेतली. टोकाची दोन्ही छिद्रं पांढऱ्या खड्याने बुजलेली. नवी नळी घातल्यावर ७०० मिली निघाली. आबांचा चेहरा दोन मिनिटांत बदलला. शेवटी शेवटी लघवी गुलाबी आली. ताणलेलं मूत्राशय एकदम रिकामं झालं की असं होतं म्हणाले, दुपारपर्यंत निवळलं.

आईला वाईट वाटलं. तिला सांगितलं की पिशवीत लघवी कमी दिसली की पाणी पाजावं हे कुणालाही सुचेल. पण वाट बंद असेल तर ते पाणी आत तुंबलेल्यात भर घालतं. आता क्रम असा: आधी नळी तपासायची, मग ओटीपोटावर हात ठेवायचा. पोट मऊ आणि आबा शांत असतील तरच पाणी, आणि तेही तासाभरात पिशवीत दिसलं पाहिजे.

२९ नोव्हेंबर

काढलेली नळी मागून आणली होती. हातमोजे घालून ब्लेडने उभी चिरली. टोकाकडच्या चार बोटांत आतून खडूसारखा थर, मागे नळी जवळजवळ स्वच्छ. आमच्या कारखान्यात बाष्पीभवनाच्या नळ्यांत चढणारा थर मी पंचवीस वर्षं पाहतोय. तिथलं कारण वेगळं, पण भोक कसं हळूहळू लहान होतं आणि शेवटी एका दिवसात बंद होतं, ते हुबेहूब तसंच.

डॉक्टरांनी समजावलेलं कारण असं. नळीवर घर करणाऱ्या जंतूंपैकी काही लघवीतला युरिया फोडतात. त्यातून अमोनिया होतो (परवाचा वास तोच). अमोनियाने लघवी आम्लधर्मी राहत नाही, अल्कधर्मी होते, आणि लघवीत विरघळलेले मॅग्नेशियम-कॅल्शियमचे फॉस्फेट खडे होऊन नळीवर बसतात. म्हणून रव्यासारखे कण. माझ्याकडे पीएच पट्ट्या असतातच. पिशवी रिकामी केल्यावर नव्याने आलेली लघवी तपासली: ८. साधारणपणे ६ च्या आसपास असते. पिशवीत साठलेली लघवी तपासू नये, ती उभ्या उभ्या अल्कधर्मी होत जाते आणि फसवते.

मी विचारलं, मग अँटिबायोटिक? नाही. थरात दडलेल्या जंतूंपर्यंत ते नीट पोहोचत नाही. जास्त पाणी? लघवी पातळ झाली तर थर सावकाश बसतो, लिंबूपाणीही चांगलं. पण आबांच्या हृदयामुळे दिवसभराचं सगळं पातळ मिळून पावणेदोन लिटरच्या वर जायचं नाही. तेवढं मात्र पूर्ण द्यायचं आणि दिवसभर वाटून द्यायचं. थंडीत आबा टाळाटाळ करतात, म्हणून सकाळी पावणेदोन लिटर मोजून वेगळं काढायचं, चहा-ताक त्यातूनच.

त्यांची सगळ्यात उपयोगी सूचना वेगळीच होती. म्हणाले, "काहींची नळी तीन महिने चालते, काहींची तीन आठवडे. महिन्याने बदला हे सर्वसाधारण सांगणं झालं. तुमच्या वडिलांची किती दिवसांत बुजते ते दोन-तीन नळ्यांवरून ठरवा, आणि बुजायच्या आधी बदला."

पहिल्या नळीचा आकडा मिळाला: २१ दिवस.

दुसरी नळी पूर्ण सिलिकॉनची घेतली, त्याच १६ नंबरची. भिंत पातळ असल्यामुळे आतलं भोक मोठं. महाग आहे. फुगा १० मिली. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

६ डिसेंबर

रात्री आबा झोपेत उठून मोरीकडे निघाले. पिशवी पलंगालाच होती. हिसका बसला. नळी निघाली नाही, पण लघवी लाल आली, दोन छोट्या गुठळ्या. रात्रभर दर तासाला पाहिलं. लघवी वाहत होती म्हणून थांबलो. रक्ताच्या गुठळ्या आणि वाहणं बंद, हे एकत्र झालं असतं तर निघालो असतो. सकाळी फिकट, दुपारी स्वच्छ. आता रात्री आबांच्या मनगटाजवळ घंटी बांधलेली असते. चालताना पिशवी हातात, पण ओटीपोटाच्या खाली.

१३ डिसेंबर

सर्व ठीक. शौच रोज. पीएच ७.५.

१९ डिसेंबर (दुसरी नळी, २१वा दिवस)

कण दिसू लागले. नळीचा बाहेरचा भाग बोटांत हलके फिरवला की वाळू असल्यासारखं जाणवतं. पहिल्या नळीच्या वेळी हे करून पाहायचं सुचलंच नव्हतं. आजपासून ठरलेल्या चार वेळांऐवजी दर दोन तासांनी मोजायचं, रात्री दर तीन तासांनी.

२२ डिसेंबर (२४वा दिवस)

सकाळी १० ते १२ : १३० मिली. १२ ते २ : ५० मिली. जेवण, ताक, पाणी नेहमीसारखं. आबांना काही त्रास नाही, पोट मऊ. पीळ, झोळ, दाब सगळं तपासलं. तीन वाजता आणखी फक्त १० मिली आली. आबा म्हणाले, "मला काही होत नाही, उगाच कशाला?" तरी निघालो.

दवाखान्यात नळी बदलली. २२० मिली निघाली. आधीच्या वेळी ७०० होती. वेदना नाही, घाम नाही, रक्त नाही. काढलेल्या नळीचं एक छिद्र पूर्ण बंद, दुसरं सुईएवढं उघडं. आणखी दोन-तीन तासांत तेही गेलं असतं.

दुसरा आकडा: २४ दिवस.

तिसरी नळी, तीच जात. डॉक्टरांशी बोलून ठरवलं: दोन आकड्यांतला लहान धरायचा, त्यातून तीन दिवस वजा. १८व्या दिवशी, त्रास असो नसो, ओपीडीत दिवसाउजेडी बदलायची. नळी फार लवकर लवकर बदलण्यातही तोटा आहे, दर वेळी मार्गाला थोडी इजा होते आणि जंतू रक्तात जायची शक्यता असते. म्हणून पंधरवड्यावर आणायची नाही.

२ जानेवारी

ताई पुण्याहून आठ दिवस आली आहे. तिला वही दिली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "एवढं मोजायचं कशाला, पिशवीत दिसतंच की." तिला २७ नोव्हेंबरच्या पानावरच्या अडीच काड्या दाखवल्या.

९ जानेवारी (तिसरी नळी, १८वा दिवस)

ठरल्याप्रमाणे बदलली. सकाळी ११ वाजता आत, पावणेबाराला बाहेर. शेवटपर्यंत प्रवाह चांगला होता. चिरून पाहिली: आतून पातळ पांढरी कोटिंग, छिद्रं दोन्ही उघडी, पण कडा खडबडीत. म्हणजे वेळ बरोबर पकडली, फार आधीही नाही.

चौथी नळी: १६ नंबर, पूर्ण सिलिकॉन, फुगा १० मिली. पुढची तारीख २७ जानेवारी. ती कारखान्याच्या पाळीपत्रकावर लाल पेनाने लिहून त्या दिवसाची रजा टाकली.

१८ जानेवारी

आईने आज स्वतःहून फोन केला. दुपारी २ ला एकच काडी. मी विचारायच्या आत म्हणाली, "नळी बघितली, मांडीखाली दबली होती. सरळ केली, लगेच वाहायला लागली. पोट मऊ आहे. अर्ध्या तासात तीन काड्या." वहीतही तिने तसंच लिहिलंय: एक काडी, मग वळणाची छोटी रेघ, मग तीन काड्या.

२७ जानेवारी (चौथी नळी, १८वा दिवस)

बदलली. प्रवाह चांगला. कोटिंग मागच्याएवढीच. कातडी पुढे: होय. पुढची तारीख १४ फेब्रुवारी.